बाकी शून्य, तरी पासबुकात नोंद

स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरच्या पडद्यावर मधोमध एक उंच सुळका उभा होता, २४८० मेगाहर्ट्झवर, हवा तिथेच. त्याच्या डावीकडे आणि उजवीकडे, बरोबर एक-एक मेगाहर्ट्झ अंतरावर, दोन बारक्या काड्या उभ्या होत्या. सुळक्यापेक्षा ५६ डेसिबलने खाली, म्हणजे त्याच्या ताकदीच्या साधारण चार लाखाव्या भागाइतक्या. आकड्यात बघितलं तर नगण्य. पण त्या तिथे असायला नको होत्या, आणि मी तीन दिवस त्यांच्या मागे होतो.

रेडिओच्या धंद्यात अशा काड्यांना ‘स्पर’ म्हणतात. सुळक्यापासूनचं त्यांचं अंतर जर सर्किटच्या संदर्भ घड्याळाइतकंच असेल, तर तो ‘रेफरन्स स्पर’. आमचं संदर्भ घड्याळ एक मेगाहर्ट्झचं होतं, त्यामुळे नाव कळलं होतं. गाव कळत नव्हतं. ते शेवटी सापडलं ते चिपच्या एका कोपऱ्यात. तिथे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांशी पूर्ण सहमत नव्हते.

आधी सर्किट काय करतं ते बघू. ब्लूटूथचे चॅनेल २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झपर्यंत, एकेक मेगाहर्ट्झवर मांडलेले आहेत. यातल्या हव्या त्या चॅनेलची लहर चिपमध्येच तयार करावी लागते. ती तयार करणारा ऑसिलेटर, ज्याला सगळे व्हीसीओ म्हणतात, हा मोठा लहरी प्राणी. त्याला व्होल्टेज द्या, तो त्या प्रमाणात वेगाने डोलतो. आमच्याकडे एक व्होल्ट वाढवला की ५० मेगाहर्ट्झ वाढायचे. पण तापमान बदललं, सप्लाय हलला, की हा भरकटतो. उलट क्वार्ट्झचा स्फटिक अगदी स्थिर असतो, फक्त तो इतका वेगाने डोलू शकत नाही. मग युक्ती अशी करतात: व्हीसीओच्या २४८० आवर्तनांमागे एक टिचकी वाजवणारा डिव्हायडर बसवायचा, स्फटिकापासून काढलेल्या एक मेगाहर्ट्झच्या टिचक्यांशी या टिचक्या ताडून बघायच्या, आणि पुढे-मागे असतील त्याप्रमाणे व्हीसीओचं व्होल्टेज किंचित सरकवायचं. हीच फेज-लॉक्ड लूप, पीएलएल. १९३२ मध्ये आन्री द बेलसीझ या फ्रेंच इंजिनिअरने रेडिओ ग्रहणासाठी मांडलेल्या कल्पनेचं हे आजचं रूप.

व्होल्टेज सरकवायचं काम चार्ज पंपाचं. त्यात दोन करंट सोर्स असतात. वरचा, पीएमओएस ट्रान्झिस्टरचा, कपॅसिटरमध्ये विद्युतभार ओततो. खालचा, एनएमओएसचा, उपसतो. स्फटिकाची टिचकी आली की ‘अप’चा झेंडा वर होतो आणि वरचा सोर्स चालू होतो. डिव्हायडरची टिचकी आली की ‘डाउन’चा झेंडा वर होतो आणि खालचा चालू होतो. दोन्ही झेंडे वर दिसले की थोड्याच वेळात दोन्ही एकदम खाली. डिव्हायडर मागे पडला असेल तर ‘अप’ जास्त वेळ चालतो, भार वाढतो, व्होल्टेज वाढतं, व्हीसीओ वेग घेतो. पुढे गेला असेल तर उलट. कपॅसिटर हे सगळं साठवतो, आणि त्याच्यावरचं व्होल्टेज म्हणजे व्हीसीओला दिलेला हुकूम.

आता एक प्रश्न सहज मनात येतो. लूप जुळल्यावर, म्हणजे दोन्ही टिचक्या बरोबर एका क्षणी येऊ लागल्यावर, चार्ज पंपाने स्वस्थ बसावं ना? दोन्ही झेंडे एकदम वर, लगेच एकदम खाली, शून्य वेळ, शून्य काम. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरचे स्विच उघडायलाच काही वेळ घेतात. झेंडा त्याआधीच खाली आला तर स्विच उघडतच नाही, आणि टिचक्यांमध्ये बारीकसा फरक पडला तरी पंपाला त्याचा पत्ता लागत नाही. या बहिऱ्या पट्ट्याला ‘डेड झोन’ म्हणतात. त्या पट्ट्यात व्हीसीओ मोकाट भटकतो. म्हणून डिझायनर मुद्दाम झेंडे खाली करायला उशीर करतात. आमच्या चिपमध्ये तो ५ नॅनोसेकंद होता. म्हणजे सगळं अगदी जुळलेलं असतानाही दर मायक्रोसेकंदाला ५ नॅनोसेकंद दोन्ही सोर्स एकाच वेळी चालू. वरचा जेवढं ओततो तेवढंच खालचा उपसतो, कपॅसिटरला काही कळत नाही.

‘तेवढंच’ या शब्दावर सगळी इमारत उभी आहे, आणि तोच शब्द डळमळीत आहे. पीएमओएस आणि एनएमओएस ही जुळी भावंडं नव्हेत. एकात होल वाहतात, दुसऱ्यात इलेक्ट्रॉन, आणि होल मुळातच मंद. ती तूट पीएमओएस रुंद करून भरून काढतात. पण खरी अडचण पुढे आहे. करंट सोर्सने त्याच्यावर कितीही व्होल्टेज असलं तरी करंट तेवढाच द्यावा अशी अपेक्षा असते. ट्रान्झिस्टर ती पूर्ण पाळत नाही. त्याच्यावरचं व्होल्टेज वाढलं की करंट थोडा वाढतो, घटलं की घटतो. आमचा सप्लाय २.७ व्होल्टचा. वरच्या टोकाच्या चॅनेलला कपॅसिटरवर जवळपास २.१ व्होल्ट असायचे. म्हणजे वरच्या पीएमओएसच्या वाट्याला जेमतेम ०.६ व्होल्ट उरले, आणि खालच्या एनएमओएसला तब्बल २.१ मिळाले. एक उपाशी, एक तुडुंब. परिणाम असा की वरचा १०० मायक्रोअँपिअर देत होता, आणि खालचा १२० उपसत होता.

मग लूप कोसळायला हवी ना? दर फेरीला उपसा जास्त, कपॅसिटर रिकामा होत जाणार. इथे या सर्किटचा शहाणपणा दिसतो, आणि मला तो आजही थक्क करतो. लूप स्वतःच तडजोड करते. व्होल्टेज किंचित घसरतं, व्हीसीओ जरा मंदावतो, डिव्हायडरची टिचकी स्फटिकाच्या टिचकीपेक्षा थोडी उशिरा येऊ लागते, आणि ‘अप’ थोडा आधी चालू होतो. हे कुठवर चालतं? ओतलेला आणि उपसलेला भार समान होईपर्यंत. हिशोब सोपा आहे. खालचा ५ नॅनोसेकंद १२० मायक्रोअँपिअरने उपसतो. तेवढाच भार १०० मायक्रोअँपिअरने ओतायला ६ नॅनोसेकंद लागतात. म्हणून ‘अप’ बरोबर एक नॅनोसेकंद आधी उघडतो. लूप तिथे स्थिरावते. वारंवारता अचूक २४८० मेगाहर्ट्झ, सरासरीत एका हर्ट्झचीही चूक नाही. फक्त दोन टिचक्यांमध्ये कायमचा एक नॅनोसेकंदाचा फरक, ज्याची कोणालाच फिकीर नाही.

पण भार कधी आला आणि कधी गेला, ते बघा. पहिल्या नॅनोसेकंदात फक्त ‘अप’ चालू आहे; १०० फेम्टोकुलोंब आत येतात. पुढच्या ५ नॅनोसेकंदांत दोन्ही चालू आहेत, निव्वळ उपसा २० मायक्रोअँपिअरचा. तेच १०० फेम्टोकुलोंब हळूहळू बाहेर जातात. म्हणजे दर मायक्रोसेकंदाला सुमारे सव्वासहा लाख इलेक्ट्रॉनांइतका भार आत येऊन परत जातो. महिनाअखेरीला बाकी शून्य असली तरी पासबुकात एक तारखेची जमा आणि पाच तारखेचा खर्च छापलेला असतोच. व्हीसीओ महिनाअखेरीची बाकी बघत नाही. तो प्रत्येक क्षणाची बाकी बघतो.

कपॅसिटरच्या भाषेत ही नोंद कशी दिसते? लूप फिल्टरमध्ये एक मोठा कपॅसिटर रेझिस्टरच्या मागे बसलेला असतो, आणि त्यांच्या शेजारी एक छोटा, आमच्याकडे १० पिकोफॅरडचा, अशा झटक्यांना सामोरं जाण्यासाठी. १०० फेम्टोकुलोंब भार १० पिकोफॅरडवर टाकला की व्होल्टेज १० मिलिव्होल्टने उसळतं. एका नॅनोसेकंदात वर, पाच नॅनोसेकंदांत खाली. एक तिरका त्रिकोण, ६ नॅनोसेकंद रुंदीचा. पुढचे ९९४ नॅनोसेकंद सगळं शांत. मग पुन्हा तोच त्रिकोण.

त्या त्रिकोणाच्या टोकाला व्हीसीओ अर्ध्या मेगाहर्ट्झने वेगात असतो, पण इतका थोडा वेळ की त्याला त्यातून फारसं पुढे जाता येत नाही. किती पुढे जातो? त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढून ५० मेगाहर्ट्झने गुणलं की उत्तर मिळतं: एका आवर्तनाचा ०.००१५ भाग, म्हणजे सुमारे अर्धा अंश. २४८० मेगाहर्ट्झचं एक आवर्तन सुमारे ४०३ पिकोसेकंदांचं असतं, त्याचा एवढासा तुकडा म्हणजे ०.६ पिकोसेकंद. इतक्या वेळात प्रकाशसुद्धा पाव मिलिमीटर जात नाही.

एवढंच घडतं. दर मायक्रोसेकंदाला लहर ०.६ पिकोसेकंदाने पुढे उडी मारते, आणि सरासरी बिघडू नये म्हणून उरलेला सगळा वेळ तितकंच हळूहळू मागे पडत जाते. फेजचा आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतील, उंची अर्धा अंश, दर मायक्रोसेकंदाला एक दाता. एकदा आली असती तर ही थरथर नॉइजमध्ये हरवून गेली असती. पण ती एका सेकंदात दहा लाख वेळा, एकाच ठेक्यात येते. स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरला ठेका पकडण्यापलीकडे दुसरं काम नाही. लहरीच्या फेजला एक मेगाहर्ट्झच्या तालावर हलवलं की तिच्या ताकदीचा थोडा भाग दोन्ही बाजूंना एक मेगाहर्ट्झवर सांडतो, हा फेज मॉड्युलेशनचा नियमच आहे. करवतीच्या दात्यातला मूळ ताल वेगळा काढला तर त्याची उंची ०.००३ रेडियन भरते. प्रत्येक बाजूला त्याचा अर्धा, ०.००१५. तो डेसिबलमध्ये मांडा: सुळक्यापेक्षा ५६.५ खाली. पडद्यावर माझ्या दोन काड्या तिथेच तर उभ्या होत्या. दात्यात दुप्पट, तिप्पट ताल पण दडलेले असतात, म्हणून दोन मेगाहर्ट्झवर आणखी एक बुटकी जोडी, तीनवर त्याहून बुटकी.

चार लाखाव्या भागाने कोणाचं काय बिघडतं, असं वाटेल. ब्लूटूथचं फार नाही बिघडत. जीएसएम मोबाइलचं मात्र बिघडतं. त्याच्या मानकातली चाचणी अशी: तुमच्या फोनला दूरच्या टॉवरचा उणे ९९ डीबीएमचा क्षीण सिग्नल ऐकायचा आहे, आणि ६०० किलोहर्ट्झ शेजारी उणे ४३ डीबीएमचा कोणी बोंबलतोय. दोघांत ५६ डेसिबलची दरी. फोनच्या आतल्या लहरीला नेमका ६०० किलोहर्ट्झवर स्पर असेल, तर तो स्पर शेजाऱ्याचा आवाज उचलून थेट तुमच्या सिग्नलच्या डोक्यावर आणून ठेवतो. सिग्नल नीट समजायला तो ९ डेसिबल वर राहावा लागतो. म्हणजे स्पर उणे ६५ च्या खाली हवा. माझा उणे ५६ वाला तिथे सरळ नापास झाला असता.

आता ते तीन दिवस. पहिला दिवस मी पॉवर सप्लायवर घालवला, कारण संशय आधी त्याच्यावरच जातो. दुसरा दिवस बोर्डवरच्या ग्राउंडवर. काहीच फरक नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या मॅडम बेंचपाशी येऊन उभ्या राहिल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, “चॅनेल बदलून बघितलास का?”

नव्हता बघितला. मी हट्टाने सगळ्यात वरच्या चॅनेलवर बसलो होतो, कारण तिथे स्पर ठळक दिसत होता. खाली यायला लागलो. २४७०, २४६०, काड्या बुटक्या होत गेल्या. २४४० च्या आसपास त्या जवळपास नॉइजमध्ये बुडाल्या. २४३० ला पुन्हा डोकं वर, आणि २४०२ पर्यंत पुन्हा ठळक. आलेख काढला तर इंग्रजी व्ही अक्षर. मॅडम म्हणाल्या, “सप्लायचा स्पर असता तर त्याला काय माहीत आपण कुठल्या चॅनेलवर आहोत?” आणि चहाला निघून गेल्या.

व्हीचा अर्थ असा. मधल्या चॅनेलला कपॅसिटरवर सुमारे १.३ व्होल्ट असतात, दोन्ही ट्रान्झिस्टरना जवळपास सारखी वाटणी मिळते, करंट जुळतात, त्रिकोण नाहीसा होतो. वर गेलं की पीएमओएस उपाशी. खाली गेलं की एनएमओएस उपाशी, ‘डाउन’ आधी उघडतो आणि त्रिकोण उलटा होतो. पण स्पेक्ट्रमला उलटं-सुलटं कळत नाही, त्याला काडी तेवढीच दिसते.

या व्हीमुळे दुसरा एक संशयितही सुटतो, तो म्हणजे गळती. कपॅसिटरच्या टोकाशी बंद स्विचमधून थोडा करंट झिरपत असतो. लूप दर फेरीला ती झीज भरून काढते, आणि त्या भरपाईचाही स्पर होतो. गंमत म्हणजे आमच्या सर्किटमध्ये केवळ एक नॅनोअँपिअर गळती असती तर स्पर उणे ६२ आला असता. एका मायक्रोसेकंदात ती एकच फेम्टोकुलोंब नेते, आमच्या करंटच्या मिसमॅचचा शंभरावा भाग, तरी स्पर फक्त सहा डेसिबलने कमी! कारण गळतीत जमा एका क्षणी होते आणि खर्च पूर्ण मायक्रोसेकंदभर रेंगाळतो, तर मिसमॅचमध्ये जमा-खर्च यांत सरासरी तीनच नॅनोसेकंदांचं अंतर. भार किती, याइतकंच तो खात्यात किती वेळ पडून राहिला, हेही मोजलं जातं. ओळखायची खूण मात्र सोपी आहे: गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. मी चिपवर हेअर ड्रायर धरला. काड्या जागच्या हलल्या नाहीत. गळती निर्दोष.

‘किती वेळ पडून राहिला’ या एका वाक्यात उपायही आहे. दोन्ही सोर्स एकत्र चालू राहण्याचा काळ ५ वरून २.५ नॅनोसेकंद केला तर काय होईल? ‘अप’ला अर्धाच नॅनोसेकंद आधी उघडावं लागेल, म्हणजे भार निम्मा. आणि तो भार निम्माच वेळ कपॅसिटरवर राहील. निम्म्याचा निम्मा, त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाव, स्पर थेट १२ डेसिबलने खाली. उलट करंटमधला फरक २० टक्क्यांवरून १० वर आणण्याचा खटाटोप केला तर हाती जेमतेम सातच डेसिबल लागतात. मला हे गणित पहिल्यांदा कळलं तेव्हा खोटं वाटलं होतं. सगळे डिझायनर करंट जुळवण्याच्या मागे, आणि स्वस्त माल शेजारच्या दुकानात. अर्थात तो काळ किती कमी करणार? फार कमी केला की डेड झोन परत दारात उभा.

लूप मंद करणं हा तिसरा मार्ग, म्हणजे मोठे कपॅसिटर लावून त्रिकोण बुटका करायचा. फ्लॉइड गार्डनर यांनी चार्ज पंपाच्या लूपचं गणित १९८० मध्ये नीट मांडलं, त्यातच या दर फेरीच्या लाटेचा आणि ती दाबणाऱ्या जादा कपॅसिटरचा विचार आहे. पण ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतो. एका चॅनेलला ६२५ मायक्रोसेकंद, त्यातले बरेच कामाचे. मंद लूप नवीन चॅनेलवर स्थिरावेपर्यंत पुढची उडी येऊन ठेपते.

करंट जुळवायचेच असतील तर कॅस्कोड लावतात, म्हणजे एका ट्रान्झिस्टरवर दुसरा रचून खालच्याला व्होल्टेजच्या चढउतारापासून झाकतात. पण दोन मजल्यांना उंचीही दुप्पट लागते, आणि ०.६ व्होल्टच्या खोलीत दुसरा मजला बसत नाही. त्यापेक्षा हुशार रचना म्हणजे चार्ज पंपाची एक हुबेहूब नक्कल शेजारी बांधायची, एका ऑपअँपने तिच्यावर तेच व्होल्टेज ठेवायचं आणि नकलेतले दोन करंट समान होईपर्यंत पीएमओएसचा गेट हलवायचा. तोच गेट खऱ्या पंपालाही जोडलेला. व्हीचे दोन्ही हात यामुळे आडवे पडतात. नक्कल आणि अस्सल यांच्या ट्रान्झिस्टरमध्ये कारखान्यातून आलेला बारीक फरक तेवढा उरतो, आणि तो चिपगणिक वेगळा असतो.

आमच्याकडे नवी चिप काढायला ना वेळ होता ना पैसा. सुदैवाने तो ५ नॅनोसेकंदांचा काळ रजिस्टरमधून निवडता येत होता. बाजारातल्या कित्येक सिंथेसायझर चिपमध्ये तशी सोय असते. मी तो २.५ केला. वरच्या चॅनेलवर काड्या ५६ वरून ६७ वर गेल्या. गणिताने १२ सांगितले होते, पदरात ११ पडले. स्विचच्या स्वतःच्या उघडझापीतही थोडा भार सांडतो, तो या हिशोबात धरलेला नव्हता.

तेव्हापासून कुठल्याही डेटाशीटमध्ये रेफरन्स स्परचा आकडा दिसला की मी आधी तो कुठल्या ट्यूनिंग व्होल्टेजला मोजलाय ते शोधतो. तुम्हीही शोधा. मधल्या व्होल्टेजचा असेल, तर दोन्ही टोकांना जाऊन स्वतः मोजून घ्या.